रेडिमेड सूट: ४० घेऊ की ४२? खांदा, बाही, अस्तर याबद्दल मदत हवी

केतन_कोथरूड

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे आणि त्याच आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न. दोन्हीकडे चालेल असा एकच गडद निळा सूट घ्यायचाय. शिवून घ्यायला वेळ नाही, म्हणून रेडिमेडच घेणार.

माझी मापं: उंची ५ फूट ७, छाती ४० इंच, पोटाशी साडेचौतीस. काल एकाच कापडाचे दोन कोट घालून पाहिले.

४० नंबरचा खांद्यात छान बसला. पण बटण लावलं की पोटावर चुण्या पडतात आणि बाही पार अंगठ्याच्या मुळापर्यंत येते. ४२ मध्ये बटण आरामात लागतं, पण खांद्याची शिवण दोन्हीकडे बोटभर बाहेर जाते. दुकानदार म्हणतो, "४२ न्या, खांदा आत घेऊन देतो, त्याचे पैसे नाही घेणार." आतलं अस्तर दोन्हींना पूर्ण आहे, चकचकीत.

४२ घेऊन खांदा आत घ्यावा, की ४० घेऊन पोट सैल करावं? दुकानदाराने कोट उद्या संध्याकाळपर्यंत बाजूला काढून ठेवलेत.

श्री_१९

४२ घ्या. खांद्याचं काही अवघड नसतं. आतले पॅड काढून टाकायचे किंवा पातळ घालायचे, खांदा आपोआप आत येतो. पोटात घट्ट झालेला कोट मात्र कधीच सैल होत नाही.

काजबटण

श्री, पॅड पातळ केला की खांद्याची उंची कमी होते, रुंदी तेवढीच राहते. कापड जिथे कापलंय तिथेच शिवण राहणार. उलट आतला आधार गेल्यामुळे बाहेर आलेला तो बोटभर भाग दंडावर लोंबतो आणि बाहीच्या वरच्या टोकाखाली खळगा पडतो. खांदे उतरते असतील किंवा मुळात पॅडच फार जाड असेल, तर पातळ पॅडचा उपयोग होतो. केतनची अडचण रुंदीची आहे.

केतन, आधी खांद्याचंच बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही मुंढ्यातून पूर्ण उसवायची. तिथे एकाच जागी पाच गोष्टी भेटतात: वरचं कापड, आतलं कॅनव्हास किंवा फ्यूजिंग, पॅड, बाहीच्या गोलाईला आधार देणारी कापसाची पट्टी आणि अस्तर. सगळं सोडवून खांदा आत कापला की मुंढ्याचा घेर वाढतो. बाहीची गोलाई मात्र जुन्या घेराला बेतलेली असते. ती पुन्हा बसवताना एकतर चुण्या येतात, नाहीतर बाही ओढून बसवली जाते आणि हात पुढे केला की पाठ आवळते. चांगला कारागीर एका बाजूला एखादा सेंटीमीटर आत घेऊ शकतो. बोटभर म्हणजे दीड सेंटीमीटर किंवा जास्तच, तेही दोन्हीकडे. असं काम फुकट करून देतो म्हणणारा बहुधा बाही नुसती आत दाबून टीप मारून देईल.

तुमच्या खांद्याचा अंदाज आरशात बघून करू नका, भिंतीशी करा. हात सरळ सोडून भिंतीला बाजूने चिकटून उभं राहा. दंडाच्या आधी कोटाचा खांदा भिंतीला लागला तर खांदा मोठा. दंड बराच आधी टेकला आणि बाहीच्या वरच्या भागात दंडाचा फुगवटा दिसत असेल तर खांदा लहान. दोन्ही जवळपास एकदम टेकले की झालं.

आणि एक प्रश्न. ४० च्या लेबलवर स्लिम लिहिलंय की रेग्युलर?

राइनकाठ

इकडे जर्मनीत नंबरांचा वेगळाच हिशोब आहे, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. तुमचा ४० म्हणजे इथला ५०. उंची कमी असेल तर त्याच छातीचा २५ नंबर मिळतो, म्हणजे ५० च्या निम्मा: कोटाची लांबी आणि बाही दोन्ही आखूड. उंच आणि सडपातळ माणसाला ९८. मी ५ फूट ६, इथे २५ घेतला की बाहीला हात लावावा लागत नाही. तुमच्याकडे ४० शॉर्ट असं काही मिळत नाही का? बाही लांब पडायचं मूळ कारण तेच असावं.

केतन_कोथरूड

@राइनकाठ, विचारलं होतं. त्या दुकानात शॉर्ट ठेवत नाहीत.

@काजबटण, लेबलचा फोटो काढला होता, आत्ता पाहिला. ४० वर स्लिम लिहिलंय, ४२ वर रेग्युलर! माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काजबटण

मग तुम्ही दोन नंबर तपासले नाहीत, दोन वेगळे कट तपासले. सूट जोडीने येतो आणि छाती-कंबरेतला फरक कंपनीने आधीच ठरवलेला असतो. रेग्युलरमध्ये तो साधारण सहा इंच, म्हणजे ४० च्या कोटाबरोबर ३४ ची पँट. स्लिममध्ये फरक वाढतो, कोट पोटाशी आत येतो आणि खांदाही बहुधा जरा अरुंद असतो. तुमचा फरक साडेपाच इंचांचा. तुमच्या अंगाला ४० रेग्युलर जवळचा. उद्या तोच मागा. दुकानात नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवायला सांगा.

त्यात खांदा स्लिमपेक्षा अर्धा सेंटीमीटर बाहेर आला तरी घाबरू नका. पॅडचं टोक तेवढं पुढे गेलं तर बाही सरळ खाली पडते. अंगठ्याच्या रुंदीएवढा बाहेर आला तर मात्र नको.

सदाशिव_पेठी

काजबटण यांच्याशी खांद्याबाबत सहमत. पण ४० स्लिम इतक्या लवकर बाद करू नये. कोटाच्या बाजूच्या शिवणीत माया असते, ती सोडवून पोटात सैल करता येतो. खांदा तंतोतंत बसलेला कोट हातातून का घालवायचा?

काजबटण

सोडवता येतो, पण माया किती ते आधी बघायला हवं. अस्तराखाली हात घालून बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवा, आतल्या कापडाची कड चाचपडता येते. रेडिमेडमध्ये कधी दोन सेंटीमीटर मिळते, कधी ओव्हरलॉक मारलेली एकच. पाठीच्या मधल्या शिवणीतही थोडी असते. एकूण एक इंच सैल झाला तर खूप झालं.

मागे दोन कट असतील तर ते बाजूच्या शिवणींवरच येतात. शिवण सोडवताना ती कटाच्या वरच्या टोकाशी निमुळती करत आणावी लागते, नाहीतर कट उघडा राहतो. मधोमध एकच कट असेल तर बाजूच्या शिवणी सोडवणं त्यामानाने सोपं.

सैल करायची गरज किती आहे ते चुण्यांवरून कळतं. वरचं बटण लावा, खालचं उघडं ठेवा. बटणापासून चारी दिशांना फुलीसारख्या ताठ रेषा गेल्या तर घट्ट. मंद, छोट्या रेषा असतील आणि हात हलवल्यावर जात असतील तर ती नेहमीची ओढ आहे. केतन, तुमच्या फुलीच्या रेषा खिशापर्यंत जातात की बटणाशीच थांबतात?

केतन_कोथरूड

खिशापर्यंत. आणि लॅपल छातीपासून थोडा उचलला जातो.

सदाशिव_पेठी

मग ४० स्लिम नको. माझा मुद्दा मागे घेतो. लॅपल उचलला गेला म्हणजे ओढ छातीपर्यंत पोचलीय, ती बाजूच्या शिवणीने सुटणार नाही.

अपर्णा_रत्नागिरी

मला वाटतं इतका खटाटोप करण्यापेक्षा बंदगळा घ्यावा, लग्नालाही शोभतो आणि टायची कटकट नाही. आमच्या ह्यांनी तोच घेतला. पण त्यांना घाम फार येतो, बाहीत हात घातला की अस्तर चिकटतं, कोट काढताना बाही उलटी होऊन येते. अस्तर बदलून मिळतं का?

काजबटण

अपर्णाताई, केतनला मुलाखतीलाही घालायचा आहे म्हणून तो सूट शोधतोय. पण अस्तराचा प्रश्न त्याच्याही कामाचा आहे.

चकचकीत आणि घासलं की चर्रचर्र वाजणारं अस्तर बहुतेक पॉलिएस्टर असतं. ते टिकतं, घाम मात्र शोषत नाही. व्हिस्कोस हाताला जरा जड आणि मऊ लागतं, घाम शोषतं, पण ओलं झालं की कमकुवत होतं, म्हणून काखेत आधी विरतं. कपरो या दोन्हींपेक्षा चांगलं, पण महाग सुटातच दिसतं. आतल्या चिठ्ठीवर अस्तराचं कापड वेगळं लिहिलेलं असतं, तिथे बघा.

बंदगळ्याचं फक्त बाहीचं अस्तर बदलता येतं. त्यासाठी मोहरीशी आणि मुंढ्याशी, अशा दोनच ठिकाणी उसवावं लागतं. पूर्ण अस्तर बदलायचं तर आतले खिसेही नव्याने करावे लागतात, काम बरंच वाढतं. बाहीला व्हिस्कोस घालून घ्या, चिकटण्याचा त्रास तेवढ्याने पुष्कळ कमी होईल.

किनारपट्टीवर किंवा मुंबईत घालायचा असेल तर अर्ध्या अस्तराचा कोट मिळाला तर बघावा. पाठीचा खालचा भाग मोकळा राहतो, वारा लागतो. त्यातली लबाडीही लगेच कळते: अस्तर नसलं की आतल्या शिवणी उघड्या दिसतात. त्यांच्या कडा पट्टीने नीट बांधलेल्या असतील तर चांगलं काम. नुसतं ओव्हरलॉक असून धागे सुटलेले असतील तर अस्तर वाचवून स्वस्तात काढलेला कोट.

श्री_१९

अर्धं अस्तर म्हणजे हलका माल, असंच मी समजत होतो.

काजबटण

तसा मालही बाजारात आहे, म्हणून शिवणी बघायच्या. पूर्ण अस्तरातही एक गोष्ट तपासा. पाठीच्या मधोमध, कॉलरच्या खाली, अस्तराला उभी चुणी असते. दोन्ही हात पुढे करून मिठी मारल्यासारखं केलं की ती उघडते. ती नसेल किंवा शिवून बंद केलेली असेल तर वरच्या कापडाला जागा असूनही पाठ आवळते आणि पुढेमागे अस्तर काखेत फाटतं. तसंच कोटाच्या खालच्या कडेला अस्तर कापडाला ताणून शिवलेलं नसावं. तिथे बोटभर दुमड सुटी लोंबायला हवी. ती नसेल तर कोटाची कड आत वळते.

केतन_कोथरूड

आत्ताच दुकानातून आलो. ४० रेग्युलर मागच्या बाजूला ठेवलेला होता, मिळाला. खांदा भिंतीशी तपासला, दंड आणि खांदा एकदम लागतात. बटण लावल्यावर बारीक रेष येते पण बटणाशीच. पाठीच्या अस्तराला चुणी आहे, उघडते. अस्तर पॉलिएस्टरच आहे. मागे एकच कट.

दोन अडचणी. एक, बाही मनगटाच्या हाडाच्या खाली तीन सेंटीमीटर येते. दोन, मागून फोटो काढला तर उजवीकडे कॉलरखालून काखेकडे एक तिरकी चुणी पडते. डावीकडे नाही.

काजबटण

तिरक्या चुणीपासून सुरू करतो. उजवा खांदा किंचित खाली असणार, पुष्कळांचा असतो. खात्री करायची तर रुमालाची चार पदरी घडी करून कोटाच्या आत उजव्या खांद्यावर ठेवा आणि कुणाकडून तरी मागून फोटो काढून घ्या. चुणी गेली तर उपाय तोच: त्या बाजूच्या पॅडखाली पातळ वॅडिंगचा एक थर. अस्तर खांद्याशी थोडं उसवून ते घालता येतं, बाही काढावी लागत नाही. रुमालानेही चुणी गेली नाही तर कॉलर पाठीला कसा बसलाय ते बघावं लागेल.

आता बाही. आधी कफची चार बटणं बघा. ती खरोखर उघडतात का? काज कापलेलं आहे, नुसतं धाग्याने काढलेलं आहे, की काजच नाही?

केतन_कोथरूड

रुमालाने चुणी गेली! पूर्ण नाही, पण ऐंशी टक्के.

कफची बटणं उघडत नाहीत. काजाचा धागा आहे, पण भोक नाही. सगळ्यात खालचं बटण कडेपासून साडेतीन सेंटीमीटरवर आहे.

काजबटण

भोक नाही हे तुमच्या पथ्यावर पडलं. काज कापलेलं असतं तर बाही खालून आखूड करता आली नसती. केलीच तर बटणं कडेला येऊन टेकली असती, आणि भोकं वर सरकवता येत नाहीत. मग बाही वरून, मुंढ्याकडून आखूड करावी लागते. म्हणजे पुन्हा तेच खांद्याएवढं काम.

तुमची बाही तीन सेंटीमीटर खालून घेतली तर खालचं बटण कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर उरेल. ते चालणार नाही. म्हणून चारही बटणं काढून, खोट्या काजांचा धागा उसवून, सगळं तेवढंच वर सरकवावं लागेल. धागा उसवल्यावर सुयांची बारीक भोकं दिसतात, गडद लोकरी कापडावर वाफ देऊन ब्रश मारला की बहुतेक बुजतात. कापड पॉलिएस्टर मिश्रित असेल तर खुणा राहू शकतात, म्हणून कारागिराला आधी आतल्या मायेवर एखादा टाका घालून, उसवून बघायला सांगा. कफची चीर साधारण दहा सेंटीमीटरची असते. बटणं तीन सेंटीमीटर वर गेली की सगळ्यात वरचं बटण चिरेच्या टोकाशी येतं. म्हणून याहून जास्त आखूड करायची असती तर मी नको म्हटलं असतं.

माप घेताना मुलाखतीला घालणार तोच शर्ट घाला, कोटाचं बटण लावा, हात मोकळे सोडा. समोरच्याला माप दिसावं म्हणून हात पुढे केला की बाही वर चढते आणि चुकीचं माप पडतं. दोन्ही हातांना वेगवेगळी टाचणी लावायला सांगा. उजवा खांदा खाली असल्याने उजवी बाही जरा वेगळी निघेल, म्हणून पॅडचं काम आधी आणि बाहीचं माप नंतर.

सदाशिव_पेठी

बाही कुठपर्यंत ठेवायची यावर मात्र माझं वेगळं मत आहे. शर्टाचा कफ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बाहेर दिसला पाहिजे असं पुस्तकी सांगतात. आपल्याकडे रेडिमेड शर्टाच्या बाह्याच इतक्या लांब असतात की कफ हातावर येऊन बसतो. त्याला मेळ घालायला गेलं तर कोटाची बाहीही लांबच राहणार. मी तर कोटाची बाही मनगटाच्या हाडावर ठेवतो आणि शर्ट दिसला न दिसला सोडून देतो.

काजबटण

हाडावर ठेवायला हरकत नाही, कोटाची ती जागा बरोबरच आहे. चूक शर्टाची असेल तर शर्टाचा कफ घट्ट करून घ्यावा, बटण अर्धा इंच आत लावलं की कफ मनगटावर थांबतो. शर्टाच्या चुकीवर कोट बेतू नये. पण कफ दिसावा की नाही यावर मी वाद घालणार नाही, दोन्ही पद्धतीने नेटकं दिसलेलं आहे.

राइनकाठ

मी दिसावा या बाजूचा. इथे मुलाखतीत कफ दिसला नाही तर कोट मागून आणलेला वाटतो.

श्री_१९

बाहीच्या अस्तराचं कुणी बोललं नाही. बाही आखूड केल्यावर माझ्या एका कोटाची मोहरी आत ओढली जाते, गोळा झाल्यासारखी. इस्त्री करूनही जात नाही.

काजबटण

अस्तर कापडाच्या बरोबरीने कापलं गेलं. बाहीतलं अस्तर मोहरीशी सेंटीमीटरभर ढिलं ठेवून, दुमड घालून हातशिलाईने लावायला हवं. हात वाकवला की कोपरापाशी कापडापेक्षा अस्तराला जास्त लांबी लागते, ती त्या दुमडीतून मिळते. दुमड नसेल तर अस्तर मोहरीला वर खेचतं. आतून उसवून बघा. अस्तराला माया उरली असेल तर ते खाली सोडवून पुन्हा लावता येईल. कापून टाकलं असेल तर त्याच रंगाच्या अस्तराची पट्टी जोडावी लागेल, आतल्या बाजूला असल्याने ती दिसत नाही.

केतन, तुमच्या कारागिराला हेच आधी सांगा आणि परत घेताना तिथेच घालून दोन्ही हात डोक्यावर न्या. हात खाली आल्यावर मोहरी सपाट पडली पाहिजे.

केतन_कोथरूड

४० रेग्युलर घेतला. दुकानातल्याला उजव्या पॅडचं सांगितलं तर म्हणाला, "तेवढं कुणाला दिसतंय." पेठेतल्या एका जुन्या अल्टरवाल्याकडे नेला, त्यांनी हात फिरवताच उजवा खांदा ओळखला. चिठ्ठीवर लिहून घेतलं: उजवीकडे एक थर, मग बाही, बटणं वर, अस्तर ढिलं. पँटच्या मोहरीला काही केलेलं नाही, ती तशीच कापून सोडलेली आहे. तिचं माप कोणत्या बुटावर घ्यायचं?

सदाशिव_पेठी

जो घालणार त्याच बुटावर, आणि पट्टा लावून. पट्टा नसला की कंबर खाली उतरते आणि मोहरी आखूड पडते. पुढे बुटावर एक हलकी मोड आली की पुरे. आतमध्ये पाच सेंटीमीटर तरी दुमडून ठेवायला सांगा.

अपर्णा_रत्नागिरी

काजबटण, धन्यवाद. बाहीचं अस्तर बदलायला दिलंय. इथल्या शिंप्याकडे व्हिस्कोस नव्हतं, कोल्हापूरहून मागवतो म्हणाला. सुती अस्तर चालेल का असं त्याने विचारलं, आठवड्यात देतो म्हणे.

काजबटण

ताई, बाहीला सुती नको. घाम शोषेल, पण शर्टाच्या सुती बाहीवर ते घसरत नाही, हात घालताना शर्ट वर गोळा होईल. आठवडा थांबा.

आणि केतन, मागच्या कटावर फुलीचा टाका असेल आणि बाहेरचे खिसे कच्च्या टाक्याने बंद असतील. कटाचा टाका कापून टाका, नाहीतर बसल्यावर कट ताणला जाऊन कापड फाटतं. खिशांचे टाके राहू दिले तरी चालतील, फोन ठेवून खिसे लोंबणार नाहीत. डाव्या बाहीवर शिवलेलं कंपनीचं लेबल उसवताना कात्री कापडाकडे न नेता फक्त वरचा धागा कापा.